मुद्दा सहावा : बक्षीस

गंगापूर रोड, नाशिक
सोमवार, १ डिसेंबर २०२५

ती. आजीस,
साष्टांग नमस्कार.

तुला माझं पत्र बघून नवल वाटेल. मराठीच्या संध्या बाईंनी सातवीच्या सगळ्यांना कथा लिहायला दिली आहे. मुद्दे त्यांनीच फळ्यावर लिहिले : १) शाळेतून घरी जाणारा मुलगा, २) रस्त्यात पाकीट सापडणे, ३) पैसे पाहून मोह, ४) मालकाचा शोध, ५) पाकीट परत, ६) बक्षीस, ७) तात्पर्य. परीक्षेत अशी कथा पाऊण पानात लिहितात, पण ही शाळेच्या हस्तलिखितासाठी आहे, म्हणून दोन पानं हवीत. आणि घरातल्या एका मोठ्या माणसाला पत्राने विचारायचं, फोनवर नाही. आलेलं उत्तर वहीत चिकटवायचं. कच्चं लेखन आठला, पक्कं बाराला.

मी तुला निवडलं. पप्पांना विचारलं तर ते म्हणाले, "पाकिटाची गोष्ट? दुसरा विषय नाही मिळाला बाईंना?" आणि दुकानात निघून गेले.

माझे प्रश्न असे आहेत. मोह म्हणजे नक्की कसं वाटतं? पाकिटात फोन नंबर नसेल, पत्ताच असेल, आणि तो जुना असेल तर मुलाने काय करायचं? आणि दोन-तीन दिवस उशीर झाला तर मालक काय म्हणेल?

पत्र सटाण्याहून भाजी आणणाऱ्या काळूकाकाच्या पिकअपमध्ये देतो आहे. उत्तर त्याच्याकडेच दे, तो आमच्या वॉचमनकडे ठेवेल.

तिळाचे लाडू मिळाले. पप्पा गुळाचं खात नाहीत म्हणून सगळे मीच संपवले.

तुझा,
रुद्र


मळ्यातून, सटाणा
बुधवार, ३ डिसेंबर

माझ्या सोन्या रुद्र,
अनेक आशीर्वाद.

अरे, माझ्या नावाचं पत्र! काळूने गाडीतूनच ओरडून सांगितलं, "चतुराआजी, तुमचं टपाल!" बांधावरच्या चार बायकांनी माना वर केल्या. मी कोथिंबिरीची जुडी तशीच टाकली आणि पत्र उलटं-सुलटं करून बघितलं. नवसाबाई म्हणाली, वाचून दाखवू का? मी म्हटलं, का, मला वाचता येत नाही? तीन हिवाळे रात्रशाळेत कंदिलापाशी डोळे फोडले ते कशाला? दुसरी पास आहे मी. जोडाक्षराला अडते, पण अडले तरी पुढे जाते. तुझं अक्षर चांगलं आहे, तुझ्या बापासारखं मुंग्यांची रांग नाही.

आणि माझं पत्र वहीला चिकटणार? मग नीट लिहिते. निळं पेन संपलं म्हणून लाल घेतलंय, राग मानू नको. राग मी मानलाय, तोच आता सांगते.

ते सात मुद्दे मी तीनदा वाचले. पाच मुद्द्यांपर्यंत तुझ्या बाईंना मी काही म्हणत नाही. सहावा मुद्दा कोणी काढला? बक्षीस! पाकीट परत केलं की मालक हसतो, पाठीवर हात फिरवतो आणि शंभराची नोट काढतो, असंच ना? तुझ्या बाईंनी कधी कोणाचं पाकीट परत केलंय का, विचार त्यांना. नाही, विचारू नको, मार्क कापतील.

मी तुला खरं सांगते. इथे सटाण्यात, कांद्याच्या एका व्यापाऱ्याच्या खळ्यावर बायका कांदा निवडायला जायच्या. मोठा वेगळा, बारीक गोल्टी वेगळी, सडका वेगळा. तीस-बत्तीस वर्षं झाली असतील. एका बाईचा पोरगा शाळा सुटल्यावर तिथेच गोण्यांवर बसून अभ्यास करायचा. असेल बारा वर्षांचा. एका संध्याकाळी रिकाम्या गोणीखाली त्याला पाकीट सापडलं. जाडजूड, चामड्याचं. खळ्याला कुलूप लागलेलं, सगळे गेलेले. पोरगा ते घरी घेऊन गेला, रात्रभर उशाखाली ठेवलं, सकाळी पळत जाऊन व्यापाऱ्याच्या हातात दिलं.

व्यापाऱ्याने सगळ्यांसमोर नोटा मोजल्या. दोनदा मोजल्या. मग म्हणाला, "शंभराची एक कमी आहे."

बस. एवढंच म्हणाला. पोरगा म्हणाला, मी उघडलंच नाही. कोण ऐकतं? "रात्रभर कुठे होतं मग हे?" सगळा खळा कांदे सोडून बघायला उभा. आणि त्या पोराला कोणी मारलं माहीत आहे? व्यापाऱ्याने नाही. त्याच्या आईने. सगळ्यांच्या देखत, कांद्याच्या हातांनी. हे होतं त्या पोराचं बक्षीस! लिहा म्हणावं सहाव्या मुद्द्यात!

जाऊ दे. तुझे प्रश्न राहिले. मोह म्हणजे काय ते तूच विचार कर, तुला क्रिकेटची बॅट हवी होती तेव्हा तू आठ दिवस जेवताना कसा गप्प होतास, तसंच काहीतरी. पत्ता जुना असेल तर शेजाऱ्याला विचारायचं. आणि उशीर झाला तर? उशीर झाला की मालक तोच प्रश्न विचारतो, इतका वेळ कुठे होतं मग हे?

उज्वला काकू म्हणते आजी पत्र लिहिता लिहिता बडबडते. बडबडू दे. आमची लाल गाय व्याली, गोऱ्हा झाला.

तुझी,
आजी

ता.क. हे पत्र चिकटवायचं तर बाईंबद्दलच्या दोन ओळी झाकून चिकटव.


गंगापूर रोड, नाशिक
शनिवार, ६ डिसेंबर

ती. आजीस नमस्कार.

पत्र मिळालं. मी ते चिकटवणार नाही. त्या मुलाचं फार वाईट वाटलं. त्याने पाकीट गोणीखाली तसंच ठेवून दिलं असतं तर बरं झालं असतं, हो ना?

मी कच्चं लेखन पाठवतो आहे. मोहापर्यंत आलो आहे, पुढे जमत नाही. वाचून सांग.

"एक मुलगा होता. तो शुक्रवारी शाळेतून घरी चालला होता. सिग्नलच्या अलीकडे, रसवंतीच्या समोर रस्त्याच्या कडेला त्याला पाकीट दिसले. ते तपकिरी होते. त्याची एक बाजू उसवली होती व ती गुलाबी दोऱ्याने शिवली होती. आत वाहन चालवण्याचे लायसन्स होते, रिक्षाचा बिल्ला होता, सीएनजी भरल्याच्या दोन पावत्या होत्या, पिवळ्या कागदात भंडाऱ्याची पुडी होती व एका लहान मुलीचा फोटो होता. तिचा पुढचा दात पडला होता. पैसे दोन हजार तीनशे चाळीस होते. शाळेच्या सहलीचे बावीसशे भरायचे होते. घरून नाही म्हटले होते. मुलाने पाकीट बुटांच्या खोक्यात ठेवले. त्याला मोह झाला."

पुढे काय लिहू?

तुझा,
रुद्र


सटाणा
रविवार, ७ डिसेंबर

रुद्र,

आशीर्वाद नंतर. आधी माझ्या एका प्रश्नाचं उत्तर दे. पाकीट अजून बुटांच्या खोक्यातच आहे ना?

मला वेडी समजतोस? मागच्या वर्षी तू मला मांजराची गोष्ट वाचून दाखवली होतीस. त्यात "सुंदर मांजर सुंदर घरात सुंदर दूध प्यायले" होतं. तो तू, आणि आज एकदम गुलाबी दोरा? तपकिरी पाकिटाला गुलाबी दोरा कोणी मनाने लावतं का? हाताशी जो दोरा असेल त्याने एखादी बाई शिवते तेव्हाच तपकिरीला गुलाबी लागतो. दात पडलेली पोर, भंडाऱ्याची पुडी, वर चाळीस रुपये! रचणारा माणूस पाच हजार लिहितो, दहा हजार लिहितो. तेवीसशे चाळीस कोण रचतो?

तुझं पहिलं पत्र एक तारखेचं, म्हणून शुक्रवार म्हणजे अठ्ठावीस तारीख. आज सात. नऊ दिवस रे! नऊ दिवस!

अरे, तो बिल्ला म्हणजे काय शे ते माहीत आहे तुला? आपल्या नवसाबाईचा जावई मालेगावला रिक्षा चालवतो. भाड्याची रिक्षा. लायसन्स आणि बिल्ला दाखवल्याशिवाय मालक चावी हातात देत नाही. तो माणूस नऊ दिवस काय खात असेल? ती दात पडलेली पोर काय खात असेल? सहलीला जायचंय म्हणे. जा!

मला इतका राग आलाय की मी दोनदा पेन ठेवलं आणि अंगण झाडून आले. उज्वला म्हणाली, आत्ताच झाडलं होतं. मी म्हटलं, परत झाडते.

आणि झाडता झाडता मला कळलं की तुझ्यावर निम्माच राग आहे. तू पहिल्या पत्रात विचारलं होतंस, पत्ता जुना असेल तर काय करायचं, उशीर झाला तर मालक काय म्हणेल. तू परत द्यायलाच निघाला होतास. मलाच विचारत होतास. आणि मी काय केलं? शहाणीने लाल पेनाने लिहिलं, परत केलं की मार मिळतो. तुला भिववलं. पाकीट खोक्यात गेलं ते माझ्या पत्राने गेलं.

म्हणून आता मी लिहिते ते नीट वाच. मागच्या पत्रात मी लपवलं.

तो बारा वर्षांचा पोरगा तुझा बाप होता. संतोष. आणि कांद्याच्या हातांनी मारणारी त्याची आई मी.

का मारलं? व्यापाऱ्याने उद्यापासून येऊ नको म्हणू नये म्हणून मारलं. मी मारलं की त्याचं समाधान होईल, विषय मिटेल, कामही टिकेल. टिकलंच. तुझा बाप रडलासुद्धा नाही. माझ्याकडे बघत राहिला.

आणि ऐक, अजून आहे. चौथ्या दिवशी व्यापाऱ्याचे मुनीमजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, ती शंभराची नोट सेठने स्वतःच डिझेलवाल्याला दिली होती, त्यांना आज आठवलं." सेठला सांगितलं तर तो हसला. हसला रे! आणि म्हणाला, "पोराला गूळ ने." दोन किलोची ढेप दिली. मी ती घरी आणली, फोडली, संतोषच्या हातावर खडा ठेवला. तो म्हणाला, "गूळ कशाचा?" मी म्हटलं, "असाच." तोंडाशी आलेलं सांगता आलं नाही. उद्या सांगू, परवा सांगू करत राहिले. पोराला सांगायचं कसं, की तुला उगीच मारलं? तीस वर्षं गेली.

त्या सेठचं नाव काढलं की मी अजून बोटं मोडते. पण सेठने एक नोट विसरली. मी काय विसरले होते? मला माझा पोर माहीत होता.

आता तू काय करायचं ते सांगते. एकट्याने जायचं नाही. पाकीट घे, बापासमोर ठेव, आणि हे पत्र त्याला वाचायला दे. सगळं दे, वरचंही. तो तुला मारणार नाही. त्याला विचार कसं परत करायचं, ते त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसेल.

काळूला उद्या पहाटेच थांबवून हे देते. पाकिटातला एक रुपया जरी इकडचा तिकडे झाला असेल तर तोही बापाला सांग.

आजी


गंगापूर रोड, नाशिक
बुधवार, १० डिसेंबर

ती. आजी,
नमस्कार.

पाकीट काल संध्याकाळी परत केलं. सगळं क्रमाने लिहितो.

आधी मी एक गोष्ट लपवली होती ती. शुक्रवारी, पाच तारखेला, सहलीचे पैसे भरायचा शेवटचा दिवस होता. मी त्यातले बावीसशे खिशात घालून शाळेत नेले होते. ऑफिसच्या खिडकीशी रांगेत उभा राहिलो. माझ्यापुढे दोनच मुलं होती. खिडकीतले सर म्हणाले, "नाव? पैसे कोणी दिले, आई की वडील?" ते पावतीवर लिहितात. ते सगळ्यांनाच विचारत होते. माझा नंबर यायच्या आधी मी रांगेतून बाहेर आलो. पैसे परत पाकिटात ठेवले. तुला मोह कसा असतो विचारलं होतं, तो असा असतो. खिशातला हात घट्ट मिटलेला राहतो.

सोमवारी रात्री जेवण झाल्यावर मी पाकीट आणि तुझं पत्र पप्पांसमोर ठेवलं. त्यांनी पत्र वाचलं. मग परत पहिल्यापासून वाचलं. घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं. मला वाटलं आता ओरडतील. ते म्हणाले, "वही आण."

पाकिटाला त्यांनी हात लावला नाही. मला एकेक वस्तू बाहेर काढायला लावली आणि यादी लिहायला लावली. नोटा किती किमतीच्या किती, तेही. खाली माझी सही, मम्मीची सही. मम्मी म्हणाली, "अहो, साधं पाकीट आहे, कोर्ट आहे का?" पप्पा म्हणाले, "असू दे."

लायसन्सवर नाव फकिरा होतं आणि पत्ता मखमलाबादचा. काल आम्ही तिथे गेलो. त्या खोलीत दुसरेच लोक राहतात. ते म्हणाले, "फकिराभाऊ वर्षापूर्वीच खोली सोडून गेले. आमच्याकडे द्या, आम्ही पोचवू." मी देणार होतो. पप्पांनी माझा हात धरला. म्हणाले, "ज्याचं त्याच्या हातात." मग ते म्हणाले की मालक मिळाला नाही तर सरळ पोलीस चौकीत जाऊन यादीसकट जमा करायचं आणि नोंद झाल्याचा कागद घ्यायचा, पण आधी एकदा स्टँडवर विचारू. सीएनजीच्या पावतीवर रिक्षाचा नंबर होता. पाकीट सापडलं त्या सिग्नलजवळ रिक्षा स्टँड आहे. तिथे पप्पांनी पाकीट दाखवलंच नाही, फक्त नंबर सांगितला. एक काका म्हणाले, "ही फकिराची गाडी. पण तो हल्ली येत नाही. कागद हरवले त्याचे." त्यांनी फोन लावून दिला.

फकिराकाका पेठ रोडहून चालत आले. पायाला सिमेंट लागलेलं होतं. पप्पांनी विचारलं, "पाकिटात काय होतं सांगा." ते म्हणाले, "लायसन, बिल्ला, पैसे सोडा हो, पोरीचा फोटो होता, दात पडलेला. जेजुरीचा भंडारा. आणि बाजूला माझ्या बायकोने शिवलंय, दोरा गुलाबी." तेव्हा मी दप्तरातून पाकीट काढून दिलं.

त्यांनी आधी बिल्ला बघितला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "कधी सापडलं?"

मीच सांगितलं, अठ्ठावीस तारखेला.

आजी, ते खूप रागावले. स्टँडवरचे सगळे वळून बघायला लागले. "अकरा दिवस? शाळेत जातोस ना? लायसनवर नाव वाचता येत नव्हतं? मालकाने गाडी काढून घेतली माझी! गवंड्याच्या हाताखाली विटा वाहतोय मी! पोलिसांत हरवल्याचा दाखला काढला, डुप्लिकेटला अर्ज केला, दोन दिवस त्यात गेले. पैसे ठेवून घेतले असतेस आणि कागद त्या सिग्नलवर नुसते टाकून दिले असतेस तरी चाललं असतं!"

मला वाटलं आता पप्पा म्हणतील, लहान आहे, जाऊ द्या. ते म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. चूक याची आहे. म्हणून तोच घेऊन आलाय. आता मोजून घ्या, आमच्यासमोर."

फकिराकाकांनी मोजले. मी पप्पांच्या हाताकडे बघत होतो. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता आणि मोजणं संपेपर्यंत तो दाबत होता, दुखेपर्यंत. फकिराकाका म्हणाले, "तेवीसशे चाळीस. पूर्ण आहेत."

पप्पा म्हणाले, "पुन्हा एकदा मोजा." त्यांनी पुन्हा मोजले. "अहो पूर्ण आहेत! सांगितलं ना!" पप्पांनी हात काढला. यादीच्या कागदावर सही घेतली.

बक्षीस मिळालं नाही. फकिराकाका जाताना म्हणाले, "पुढच्या वेळी लवकर ये." परत पाकीट हरवणार असल्यासारखे.

येताना घराच्या जिन्यात पप्पा फक्त म्हणाले, "तुझी आजी म्हणते तेवढा मी गप्प नव्हतो. रात्री रडलो होतो."

तुझा,
रुद्र


सटाणा
शुक्रवार, १२ डिसेंबर

माझ्या बाळा रुद्र,
आता आशीर्वाद घे, पोटभर घे.

पत्र वाचून मी सगळ्या आळीला सांगत सुटले. माझ्या नातवाने पाकीट परत केलं, पूर्ण तेवीसशे चाळीस, दोनदा मोजून! कुसाबाईला सांगितलं, आक्काबाईला सांगितलं, गोऱ्ह्यालाही सांगितलं. अकरा दिवसांचं काही बोलले नाही, ते आपलं आपल्यात. नाही, कुसाबाईला बोलले. तिने विचारलं म्हणून.

त्या फकिराचा मला राग आला. आधी आला. माझ्या नातवाला चार माणसांत बोलतो? मग विटांचं वाचलं आणि गेला. मग स्वतःचा आला. तो परत येऊन बसलाय, हलत नाही. रांगेतून तू बाहेर आलास ते कोणी बघितलं नव्हतं, मलाही कळलं नसतं, आणि तू आपणहून लिहिलंस. मी तेवढं तीस वर्षांत केलं नाही.

तुझा बाप अजून काही बोलला का? माझ्या पत्राचं काय केलं? मला फोन आला नाही त्याचा. दर गुरुवारी येतो, काल आला नाही. उज्वलाचा फोन दिवसभर उशाशी घेऊन बसले होते.

गोष्ट पक्की केलीस का? सहाव्या मुद्द्यात खोटं लिहिलंस तर माझ्याशी बोलू नको. आणि त्या गोष्टीत आजीला गाळू नको.

आजी


गंगापूर रोड, नाशिक
बुधवार, १७ डिसेंबर

ती. आजी,
नमस्कार.

गोष्ट दिली. जसं झालं तसं लिहिलं, रांगेसकट. आजीला गाळलं नाही, सेठलाही नाही, गुळालाही नाही. फकिराकाकांना रागावूनच ठेवलं.

संध्या बाईंनी दहापैकी सहा दिले. लाल शाईत लिहिलं आहे : "कथा परिणामकारक. मात्र मुद्दा ६ सुटला आहे, तात्पर्य दिलेले नाही. मुद्दे पूर्ण करावेत." वर्गातल्या ओमने लिहिलं की मालकाने मुलाला सोन्याचं पेन दिलं, त्याला नऊ मिळाले. मला इतका राग आला की मी वही बाकावर आपटली. बाईंनी मधल्या सुट्टीत बोलावलं. मला वाटलं शिक्षा. त्या म्हणाल्या, "मुद्दा सुटला की गुण कापायचे, हा नियम सगळ्यांना सारखा आहे. हस्तलिखितात मात्र तुझीच कथा पहिली लावते आहे." मग त्यांनी विचारलं, "तो गूळ मुलाने खाल्ला का रे?" मी म्हटलं, माहीत नाही.

घरी येऊन पप्पांना विचारलं. त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं. खालचं त्यांनी लिहिलं आहे. मला वाचू दिलं नाही, पण मी वाचलं.

तुझा,
रुद्र

आई,
गूळ मी खाल्ला नाही. मुनीमजींनी मलाही सांगितलं होतं, तुला सांगायच्या आदल्या दिवशीच. तू गूळ हातावर ठेवलास तेव्हा मला माहीत होतं कशाचा आहे. तू सांगशील म्हणून विचारलं.
मग वाट बघत राहिलो.
संतोष


सटाणा
शुक्रवार, १९ डिसेंबर

रुद्र, हे पत्र मोठ्याने वाच, तुझ्या बापाला ऐकू जाईल असं.

संतू, लबाडा!

माहीत होतं? तुला माहीत होतं? बत्तीस वर्षं मी काट्यावर झोपते आणि तुला आदल्या दिवशीच माहीत होतं? दिवाळीला येतोस, पाया पडतोस, लाडू बघून "नको आई, दात दुखतो" म्हणतोस. तीस वर्षं एकच दात दुखतो! मी मूर्ख, मी वैद्याकडून लवंगेचं तेल आणून पाठवत राहिले! उज्वला विचारते, आई, तुम्ही रडताय की भांडताय? मी म्हटलं, दोन्ही. तुला काय करायचंय, तू भाकरी बघ, करपली.

इतकं कोणी थांबतं का रे? ओरडायचं होतंस माझ्यावर! बारा वर्षांचा होतास तेव्हा नाही, पण वीस वर्षांचा झालास तेव्हा, लग्नात, कधीतरी! मी सांगायला घाबरत होते आणि तू वाट बघत बसलास. कोणावर गेलास? माझ्यावर गेलास. म्हणून जास्त राग येतो.

ऐक. आज लिहिते, लाल शाईने, रुद्रच्या बाईंच्या वहीत चिकटेल असं लिहिते. संतोष, तू नोट घेतली नव्हतीस. मी तुला उगीच मारलं. मला चौथ्या दिवशी कळलं आणि मी सांगितलं नाही. गूळ त्याचाच होता.

झालं. चार ओळी होत्या फक्त. चार ओळींना किती दिवस लागले बघ.

रुद्र, तुझ्या बाईंना सांग, चार मार्क गेले ते गेले, मी त्यांच्यावर अजून चिडलेलीच आहे. पण गूळ खाल्ला का हे ज्या बाईला विचारावंसं वाटतं ती बाई अगदीच वाईट नसावी. आणि त्या ओमला सांग, सोन्याच्या पेनने लिहून दाखव म्हणावं.

संक्रांत अजून पुढे आहे, पण मी आजच तीळ भाजले. काळूबरोबर डबा पाठवते. त्यात अठरा लाडू आहेत, सगळे गुळाचे. साखरेचा एकही नाही. फकिराकडे सहा पोचवा, त्या दात पडलेल्या पोरीला सांभाळून खा म्हणावं. सहा रुद्रचे. सहा संतोषचे, त्यातला एकही रुद्रने संपवायचा नाही.

डबा परत पाठव, पण धुऊन पाठवू नकोस. तळाला उरलेला गुळाचा चुरा मला बघायचाय.

आई